डायोड चालू धरलास, पण तपासलंस का?

लॅमिंग्टन रोडवरून आणलेला सिलिकॉन डायोड दिसला की लगेच त्याच्या टोकांवर ०.७ व्होल्ट लिहू नकोस, आधी तो चालू आहे का ते बघ. तुझ्या सर्किटमध्ये ५ व्होल्टला १ किलोओहम सिरीजमध्ये आहे आणि डायोडला समांतर १०० ओहम. चालू धरलास तर सिरीज रेझिस्टरमधून ४.३ मिलिअँपिअर येतात, पण १०० ओहमला ७ लागतात. म्हणजे डायोडमधून उणे २.७! इथेच गृहीतक कोसळलं. डायोड काढून मोज: टोकांवर जेमतेम ०.४५ व्होल्ट, म्हणून तो बंदच. १०० ओहमच्या जागी १ किलोओहम लावलास तर मोकळ्या टोकांवर २.५ व्होल्ट येतील. मग डायोड खुशाल चालू धर, त्यातून ३.६ मिलिअँपिअर वाहतील. मात्र ०.७ हा अंदाज आहे, मीटरवर ०.६५ दिसलं तर डायोड बदलायला धावू नकोस.