एमओएममध्ये चुकीच्या माणसाचं नाव गेलं, आता टीमला माफीचा मेल कसा लिहू?

"मीटिंगचा एमओएम, म्हणजे मीटिंगमध्ये काय बोलणं झालं त्याची लेखी नोंद, मी पाठवला आणि त्यात एका सहकाऱ्याच्या नावावर असं वाक्य टाकलं जे तो बोललाच नव्हता. आता सगळ्यांना मेल टाकून माफी मागायला लाज वाटतेय. गुपचूप फाइल बदलली तर चालेल का? आणि मेल लिहायचाच असेल तर नेमकं काय लिहू?"

गुपचूप फाइल बदलून नाही चालत. ज्यांनी पहिला मेल वाचलाय ते फाइल परत उघडून बघत नाहीत, त्यांच्या डोक्यात जुनंच वाक्य राहतं. माझ्याकडे आलेली एक केस सांगते, तिच्या परवानगीने, नावं आणि कामाचे तपशील बदललेत. तिला मुक्ता म्हणूया आणि सहकाऱ्याला समीर.

मुक्ता पुण्यात एका कंपनीत प्रोजेक्टचं को-ऑर्डिनेशन बघते. रिव्ह्यू मीटिंगमध्ये रिलीजच्या तारखेवरून बरीच खडाजंगी झाली आणि संध्याकाळी तिने एमओएममध्ये लिहिलं, "समीर म्हणाले की ही तारीख पहिल्या दिवसापासूनच अशक्य होती." दुसऱ्या दिवशी समीरच्या मॅनेजरने त्याला विचारलं, पहिल्या दिवसापासून माहीत होतं तर तेव्हा का नाही बोललास? समीर चाट पडला, कारण ते वाक्य डेव्हलपमेंटच्या सीनिअर मॅडमचं होतं, त्याने त्यांच्या पाठोपाठ एवढंच म्हटलं होतं की टेस्टिंगला अजून 4 दिवस लागतील.

मुक्ताला वाटत होतं की आपण बेजबाबदार आहोत, आपल्याला हे कामच जमत नाही. पण असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. काय बोललं गेलं आणि ते कोण बोललं या दोन गोष्टी आपण सारख्याच पक्क्या लक्षात ठेवत नाही, वाक्य राहतं आणि बोलणारा निसटतो, मग मेंदू सगळ्यात जवळचं नाव चिकटवून देतो. मानसशास्त्रात याला सोर्स मॉनिटरिंगची चूक म्हणतात. मुक्ताच्या वहीत मुद्दे होते, पुढे नावं नव्हती, दोघं लागोपाठ बोलले होते आणि एमओएम लिहिला 5 तासांनी. म्हणजे चूक कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता येत होतं, आणि तसं दाखवता आलं की "मीच अशी आहे" हा सूर जरा खाली येतो.

ती माफीचा ड्राफ्ट घेऊनच आली होती, चांगला पानभर. रात्रभर झोप लागली नाही, स्वतःचीच लाज वाटतेय, समीर प्लीज मला माफ कर, सगळ्यांनीच माफ करा. समीर नेमकं काय बोलला होता ते मात्र त्यात एकदाही नव्हतं! असा मेल आला की समीरलाच सगळ्यांसमोर "अगं ठीक आहे, होतं असं" म्हणावं लागतं, म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्यानेच समजूत काढायची. माफीच्या कोणत्या भागाने लोकांवर जास्त परिणाम होतो यावर 2016 मध्ये अमेरिकेत रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता, त्यात चूक माझी आहे हे स्पष्ट मान्य करणं सगळ्यात वर होतं आणि मला माफ करा ही विनंती सगळ्यात खाली.

दुसरी गोष्ट माझ्या मते याहून महत्त्वाची. नुसतं "समीर असं बोलले नव्हते" लिहून भागत नाही. 1994 चा एक प्रयोग आहे, लोकांना गोदामाला लागलेल्या आगीची बातमी वाचायला दिली, आधी सांगितलं की कपाटात रंग आणि गॅसचे सिलेंडर होते, नंतर सांगितलं की कपाट रिकामं होतं, तरी आग कशामुळे भडकली असं विचारल्यावर लोक रंग आणि सिलेंडरच सांगत राहिले. दुसरं कारण दिलं, की आग कोणीतरी लावली होती, तेव्हा मात्र जुन्या माहितीचा पगडा कमी झाला. म्हणजे चुकीचं काढलं की त्या जागी खरं काय ते ठेवावं लागतं, नाहीतर जुनंच परत येऊन बसतं.

आता इथे पेच होता. खरं सांगायचं म्हणजे मॅडमचं नाव घ्यायचं, आणि समीरवरचा ताण उचलून त्यांच्यावर टाकायचा. म्हणून कामाचा क्रम लावला. आधी मीटिंगचं रेकॉर्डिंग, फक्त तेवढा भाग ऐकायचा, कारण दुरुस्तीच चुकली तर मग कोणी विश्वास ठेवत नाही. मग समीरला फोन, मेलच्या आधी, कारण त्याला हे ग्रुपमध्ये वाचून कळायला नको. ती म्हणाली, "समीर, एमओएममधली चूक माझी आहे, आज सगळ्यांना दुरुस्ती पाठवतेय, मेल आधी तुला दाखवते." तो चिडला, "पाठवायच्या आधी एकदा विचारायचंस ना." यावर तिने खुलासा द्यायचा नाही असं आमचं ठरलं होतं, ती फक्त "हो, विचारायला हवं होतं" म्हणाली. मग मॅडमना फोन. त्या म्हणाल्या, माझं नाव कशाला, डेव्हलपमेंट टीमचा मुद्दा होता असं लिही. ते खरंच होतं, त्या टीमच्याच वतीने बोलल्या होत्या, आणि समीरच्या बाजूची रिकामी जागा त्याच्या स्वतःच्या खऱ्या वाक्याने भरता येत होती.

शेवटी गेलेला मेल इंग्रजीत होता, मराठीत साधारण असा:

"विषय: दुरुस्ती, रिव्ह्यू मीटिंगचा एमओएम, मुद्दा 3. सर्वांना नमस्कार, मुद्दा 3 मध्ये तारखेबद्दलचं मत मी चुकून समीर यांच्या नावावर लिहिलं. तो मुद्दा डेव्हलपमेंट टीमकडून आला होता. समीर यांनी टेस्टिंगला अजून 4 दिवस लागतील एवढंच सांगितलं होतं. रेकॉर्डिंगवरून तपासून घेतलं आहे. चूक माझी आहे, समीर आणि सर्वांची मी माफी मागते. दुरुस्त एमओएम सोबत आहे, कृपया आधीचा वापरू नये."

चुकीचं वाक्य पूर्ण परत लिहिलं नाही हे बघा, लिहिलं असतं तर ते समीरच्या नावाशेजारी अजून एकदा वाचलं गेलं असतं. मेल त्याच थ्रेडवर रिप्लाय ऑलने गेला, आणि समीरच्या मॅनेजरला वेगळा जोडला, कारण ते मूळ यादीत नव्हते, त्यांना कोणीतरी फॉरवर्ड केला होता. हे हमखास राहून जातं, म्हणून समीरलाच विचारायचं की हे तुला कोणाकडून कळलं. शेअर्ड फोल्डरमधल्या फाइलवर "दुरुस्त" आणि तारीख टाकली. मेल रिकॉल करायचा विचारही तिच्या मनात होता, तो सोडला, कंपनीबाहेर गेलेल्या मेलवर तो चालत नाही आणि आतल्या लोकांना उलट उत्सुकता वाटते की असं काय होतं त्यात.

मॅनेजरचा एका ओळीचा रिप्लाय आला, "नोटेड, थँक्स." समीर मात्र पुढे बरेच दिवस कामापुरतंच बोलायचा आणि मुक्ताला सारखं वाटायचं की परत एकदा सॉरी म्हणावं. मी नको म्हटलं, कारण दुसरं सॉरी त्याच्यासाठी नसतं, आपल्या मनाची टोचणी कमी व्हावी म्हणून असतं, त्याला वेळ घेऊ दे. आता ती वहीत प्रत्येक मुद्द्यापुढे बोलणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर लिहिते, आणि कोणाच्या नावावर मत जाणार असेल तर ती ओळ आधी त्यालाच पाठवते.

तुमच्या बाबतीत एक तपासून घ्या, चुकून नावावर गेलेलं वाक्य तक्रार, छळ किंवा शिस्तभंगाच्या चौकशीशी जोडलेलं असेल तर असा मेल स्वतःहून टीमला टाकू नका, आधी एचआरला लेखी कळवा आणि दुरुस्ती कोणाकोणाला जावी हे त्यांच्याकडून ठरवून घ्या.