समान कोटीचा अपूर्णांक फोडताना

अंशाची कोटी छेदापेक्षा मोठी असली की भागाकार आठवतो. फसवतात त्या समान कोटी, म्हणून हेच उदाहरण घे: x²/((x−1)(x−2)).

घाईत तू थेट A/(x−1) + B/(x−2) लिहिशील. दोन्ही बाजूंना छेदाने गुणून x = 1 आणि x = 2 ठेवलंस की A = −1, B = 4 मिळतात. कुठेच अडत नाही, हीच खरी गोची. आता मूळ राशीत x = 0 ठेव: उत्तर 0. तुझ्या बेरजेत ठेव: 1 − 2 = −1. कुठेतरी 1 हरवला.

तो 1 म्हणजेच भागाकार. छेद उलगडला की x² − 3x + 2. अंश x² + 0x + 0 असा मांड, रिकाम्या जागी शून्य लिहायचा कंटाळा करू नकोस. भाग 1 वेळा जातो आणि बाकी x² − (x² − 3x + 2) = 3x − 2 उरते. वजाबाकीत कंसातली सगळी चिन्हं बदलतात. माझ्या निम्म्या चुका इथेच व्हायच्या. म्हणून:

x²/((x−1)(x−2)) = 1 − 1/(x−1) + 4/(x−2)

गंमत बघ, A आणि B तेच राहिले, कारण छेद शून्य करणाऱ्या किमतींना अंश आणि बाकी सारखेच असतात. सहगुणकांची तुलना केली असतीस तर चूक लगेच पकडली गेली असती: डावीकडे x² चा सहगुणक 1, उजवीकडे 0. संकलनात मात्र हा 1 विसरलास तर उत्तरातला x हा अख्खा पदच गायब होतो.