बसकं नाक, रुंद चेहरा आणि घसरणारा चष्मा

प्रश्न: माझं नाक बसकं आहे आणि चेहरा रुंद. कुठलाही चष्मा घेतला तरी खाली घसरतो, हसलं की गालाला टेकतो. दुकानात घट्ट करून आणला की दोन दिवसांत कान दुखतात. नेमकी कोणती फ्रेम घ्यावी?

आधी घट्ट करणं थांबवा. तुमचा चष्मा सैल आहे म्हणून नाही, तर बहुतेक अरुंद आहे म्हणून घसरतोय.

मी ब्रह्मपुरीकडच्या एका चष्म्याच्या दुकानात काम करतो. रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे हीच तक्रार जास्त येते, कारण बांधीत दिवसभर वाकून काम, वरून घाम, आणि चष्मा चिखलात. "घट्ट करून द्या जी, वाकलं का पडते," असं म्हणत माणूस येतो. गेल्या हंगामात आलेल्या एका मावशींचं उदाहरण सांगतो, तुमची गोष्ट जवळपास तीच आहे.

त्यांची फ्रेम प्लास्टिकची, काडीच्या आतल्या बाजूला ५०□१८-१४० असं छापलेलं. पहिला आकडा एका काचेची रुंदी, चौकोनानंतरचा नाकावरच्या ब्रिजचं अंतर, शेवटचा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. गंमत अशी की तुम्हाला लागणारा आकडा, म्हणजे फ्रेमची पूर्ण रुंदी, यात बहुधा नसतोच. एका बिजागरीपासून दुसऱ्या बिजागरीपर्यंत पट्टी लावून तो मोजावा लागतो. त्यांच्या फ्रेमची रुंदी १३१ भरली. चेहरा कानशिलांपाशी १४४.

आता काय होतं बघा. डोकं कानशिलापाशी अरुंद असतं आणि कानाकडे जाताना रुंद होत जातं. फ्रेम लहान असली की काड्या बाहेर फाकतात आणि कानापर्यंत पोचायच्या आधीच डोक्याला दाबतात. तो दाब चष्म्याला पुढे ढकलतो. चिमटीत धरलेला ओला चिंचोका सुटतो ना, तसा. आधीच्या दुकानदाराने काड्यांची टोकं आणखी वळवून दिली होती. त्याने कानामागे जखम झाली, घसरणं तसंच राहिलं. घरी ओळखायचं असेल तर चष्मा घालून कुणाला तरी वरून फोटो काढायला सांगा. काड्या बाहेरच्या बाजूला वाकलेल्या दिसल्या, किंवा चष्मा काढल्यावर कानाच्या पुढे कानशिलावर लांब वळ दिसला, तर फ्रेम अरुंद आहे. काडी कानाच्या वर पोचेपर्यंत डोक्याला जेमतेम लागली पाहिजे.

चेहरा मोजायला मुलांच्या कंपासपेटीतल्या दोन गुण्या पुरतात. दोन्ही कानशिलांना एकेक टेकवून मधलं अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्या. फ्रेमची रुंदी त्याच्या दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे असावी.

पण रुंद फ्रेम म्हणजे मोठाल्या काचांची फ्रेम नव्हे. काचेची रुंदी अधिक ब्रिज ही बेरीज तुमच्या दोन बाहुल्यांमधल्या अंतरापेक्षा फार मोठी झाली, तर काचेचा मध्य नाकाकडे सरकवावा लागतो. मायनस नंबर असेल तर बाहेरची कड जाड होते, काच जड होते आणि पुन्हा घसरणं सुरू. मावशींचं बाहुल्यांचं अंतर ६४. आम्ही ५३□१७ ची धातूची फ्रेम काढली. बेरीज ७०, म्हणजे एका डोळ्याला फक्त ३ मिलिमीटर सरकवायचं. रुंदी १४२, कारण या फ्रेममध्ये बिजागरीकडचे कोपरे बाहेर आलेले होते. दुकानात असेच कोपरे शोधा.

धातूची का, तर नोज पॅडसाठी. बसक्या नाकावर साध्या प्लास्टिक फ्रेमचा ब्रिज टेकायला जागाच सापडत नाही. मग ती गालांवर बसते, हसलं की वर उचलली जाते, पापण्या काचेला घासतात. पातळ तारेच्या दांडीवर बसवलेले सिलिकॉनचे पॅड असतील, तर बारीक पक्कडीने हवं तसं वळवता येतं. दोन्ही पॅड एकमेकांच्या जवळ आणले की फ्रेम वर चढते. दांडी चेहऱ्याच्या दिशेने बाहेर काढली की काच डोळ्यांपासून दूर जाते आणि पापण्या मोकळ्या होतात.

तिसरी गोष्ट बरेच जण विसरतात. बसक्या नाकाच्या बाजू जास्त पसरट असतात, पण कारखान्यातून येणारे पॅड उभ्या, अरुंद नाकासाठी लावलेले असतात. मग अख्खा पॅड टेकण्याऐवजी त्याची एकच कड रुतते. चष्मा काढून आरशात बघा. डोळ्याकडच्या बाजूला बारीक लाल रेघ असेल तर पॅडच्या मागच्या कडा एकमेकींपासून लांब करून घ्या, रेघ नाकाच्या शेंड्याकडच्या बाजूला असेल तर उलट. डाग पॅडच्या पूर्ण आकाराचा आणि फिकट आला की बसला. आमच्या मावशींना आम्ही लहान पॅड काढून १५ मिलिमीटरचे मोठे घातले; वजन जास्त जागेवर पसरलं.

हे घरी करू नका. दांडी पुन्हापुन्हा वाकवली की मुळातून तुटते आणि मग झाळावी लागते. दुकानात थोडं वळवून, घालून बघून, पुन्हा थोडं वळवायचं असतं.

गालाला टेकणं एवढ्याने थांबलं नाही, तर फ्रेमचा खालचा भाग गालाकडे जास्त झुकलेला असतो. बिजागरीपाशी तो झुकाव थोडा कमी करून घ्या आणि दुकानातच मोठ्याने हसून बघा. लाजू नका, तीच खरी परीक्षा.

प्लास्टिकच हवी असेल तर 'लो ब्रिज' किंवा 'एशियन फिट' लिहिलेली मागा. त्यात नाकाकडचा भाग जाड आणि पुढे आलेला असतो. अॅसिटेटची फ्रेम गरम करून थोडी रुंद करता येते; टीआर-९० नावाची हलकी फ्रेम मात्र पुन्हा मूळ जागी येते, म्हणून ती पहिल्यापासूनच मापाची हवी. चिकटवायचे सिलिकॉनचे पॅड मिळतात, पण आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने त्यांचा गोंद सुटतो. लग्नाला घालायच्या चष्म्यापुरते ठीक.

पॅडभोवती हिरवट मळ दिसला तर घाबरू नका, घामाने धातूवर तसा थर येतो. साबणाच्या पाण्याने धुवा, पॅड पिवळे, कडक झाले की बदलून घ्या.

तुम्हाला बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काच बसवायची असेल, तर रिकामी फ्रेम आधी चेहऱ्यावर पूर्ण बसवून घ्या, पॅड-काड्या सगळं, आणि मगच काचेवर खूण करायला सांगा. खूण आधी करून नंतर पॅड जवळ आणले तर फ्रेम दोन-तीन मिलिमीटर वर चढते, वाचायचा भागही तेवढाच वर येतो, आणि चालताना पायाखालची धुरे धूसर दिसायला लागतात. मग काच नवीन करण्यावाचून इलाज नसतो.