‘केल’ नव्हे, ‘काळे’: नावाखाली उच्चार लिहिताना

प्रश्न: माझं नाव ज्ञानेश्वर काळे. परभणीच्या कृषी विद्यापीठात संशोधन करतो. पहिल्यांदाच परदेशातल्या परिषदेला जातोय. बॅजवर आणि ईमेलखाली नावाचा उच्चार कसा लिहू?

ज्ञानेश्वरराव, आधी आडनावाचं बघा, कारण जास्त गडबड तिथंच होते. Kale ही त्यांच्याकडची एक पालेभाजी आहे आणि इंग्रजीत असा शेवटचा e बहुतेक वेळा मुका असतो, म्हणून समोरचा बेधडक ‘केल’ म्हणतो. KAH-lay असं लिहा. lay हा त्यांचा रोजचा शब्द आहे, तो वाचताना कोणी चुकत नाही. ळ त्यांच्याकडे नाहीच, त्यामुळं ‘काले’ ऐकू येईल. ते चालवून घ्या. ळ साठी वेगळं चिन्ह घातलंत तर वाचणारा तिथंच थांबेल.

Dnyaneshwar मधली खरी अडचण सुरुवातीची आहे. इंग्रजीत कोणताही शब्द dn नं सुरू होत नाही. मग लोक मध्ये एक स्वर घुसडून ‘डिन्या’ म्हणतात, नाहीतर नाव घ्यायचंच टाळतात. मी तुमच्या जागी असतो तर उच्चारात D सोडून दिला असता. ‘न्यानेश्वर’ ऐकल्यावर तुम्ही वळून बघालच. नावाचं मूळ स्पेलिंग मात्र पासपोर्टवर आहे तसंच राहू द्या. त्याच नावात a हे अक्षर एकदा ‘आ’साठी आणि एकदा ‘अ’साठी आलंय, म्हणून उच्चारात पहिल्याला ah आणि दुसऱ्याला u घ्या. सही अशी दिसेल:

```
Dnyaneshwar Kale
nyah-NAY-shwur KAH-lay
```

मोठी अक्षरं जोर कुठं द्यायचा ते सांगतात. मराठीत आपण असा ठळक आघात देत नाही, पण इंग्रजी बोलणारा कुठंतरी देणारच. तो आपणच दीर्घ स्वरावर ठेवलेला बरा. बॅजवर एक धोका असतो. कित्येक ठिकाणी सगळा मजकूर कॅपिटलमध्येच छापतात आणि मग ही खूण पुसली जाते. तसं असेल तर आयोजकांना दुसरी ओळ बारीक आकारात, पण लहान-मोठी अक्षरं आहेत तशीच ठेवून छापायला सांगा. जागाच नसेल तर फक्त आडनावाचा उच्चार द्या.

आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी वापरू नका. ती अचूक आहे, पण भाषाशास्त्रज्ञ सोडले तर फार कमी लोकांना वाचता येते.

पाठवण्याआधी ही ओळ मराठी न येणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला मोठ्यानं वाचायला लावा. त्यानं तुमचं नाव आधी ऐकलेलं नसावं आणि तुम्हीही आधी म्हणून दाखवू नका. तो जिथं अडखळेल तेवढाच तुकडा बदला. दक्षिणेकडचा सहकारी असेल तर तो बराचसा बरोबर वाचेल, त्यावर विसंबू नका; परदेशातला ओळखीचा कोणी फोनवर मिळाला तर उत्तम. तुमच्या सत्राच्या अध्यक्षांना हीच ओळ आदल्या दिवशी ईमेलनं पाठवा. व्यासपीठावर तुमचं नाव तेच पुकारणार आहेत.