एकाच चौरंगाची तीन मापे

प्रश्न : संखेड्याचा लाखकामाचा चौरंग ऑनलाइन विकतो. शीर्षकात १८ इंच आणि तपशिलात ४५ सेंमी लिहिले, तर ग्राहकाने ‘माप चुकीचे’ म्हणून परत पाठवला. (दांडिया बाजार, वडोदरा)

एक इंच म्हणजे नेमके २.५४ सेंमी. त्यामुळे १८ इंचांचे ४५.७२ सेंमी होतात आणि ४५ सेंमीचे १७.७ इंच. देवघराच्या कोनाड्यात चौरंग बसवू पाहणाऱ्याला हा पाऊण सेंटिमीटरचा फरक पुरेसा खटकतो. शिवाय दोन्ही आकडे समोर असल्यामुळे खरा कोणता, हे त्याला कळणार कसे? तेव्हा टेप घेऊन वस्तू पुन्हा मोजा, सेंटिमीटरचा आकडा मिलिमीटरपर्यंत टिपून घ्या आणि तोच मूळ धरा. इंच द्यायचेच असतील, तर त्या मूळ आकड्यावरून एकदाच काढा, एका दशांशापर्यंत ठेवा आणि कंसात लिहा. आधी पूर्ण सेंटिमीटर करून त्यावरून पुन्हा इंच काढले, की ४६ सेंमीचे १८.१ इंच होतात आणि तिसरेच माप जन्माला येते. शिंप्याच्या टेपला एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात; घाईत टेप उलटते, हेही ध्यानात ठेवा.

प्रश्न : वजन एके ठिकाणी ३.२ किलो, दुसरीकडे ३२०० ग्रॅम आणि खोक्यावर ४.१ किलो आहे. चालेल का? (रावपुरा, वडोदरा)

पहिले दोन आकडे एकच आहेत, तरी लिस्टिंगभर किलोच ठेवावेत. कारण फॉर्मचा रकाना ग्रॅमचा असताना सवयीने ३.२ टाकले, तर चौरंग तीन ग्रॅमचा ठरतो. तिसरा आकडा पॅकिंगसकट आहे, म्हणून तो ‘पार्सलचे वजन’ या नावाने वेगळा लिहावा. एरवी वाचणाऱ्याला तो विसंगतच वाटणार.

महागात पडणारी चूक मात्र खोक्याच्या मापांत होते. अनेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला ५००० ने भागतात व किलोमध्ये व्हॉल्युमेट्रिक वजन काढतात. हे वजन आणि काट्यावरचे वजन यांपैकी जे जास्त असेल, त्यावर आकार लागतो. तुमचे खोके समजा २० × २० × १० इंचांचे आहे आणि तेच आकडे तुम्ही सेंटिमीटरच्या रकान्यात भरले, तर उत्तर ०.८ किलो येते. खरी मापे ५०.८ × ५०.८ × २५.४ सेंमी असल्याने उत्तर सुमारे १३ किलो हवे. कुरिअरवाल्याने पार्सल मोजले, की फरकाची रक्कम तुमच्या खात्यातून वळती होते.

प्रश्न : बाजारात लोक ‘पंधरा इंची, अठरा इंची’ असेच मागतात. मग पर्यायांची नावे काय ठेवावीत? (वडोदरा)

लहान, मध्यम, मोठा अशी ठेवा आणि माप सेंटिमीटरच्या तक्त्यातच द्या. छायाचित्रावर छापलेले इंचही काढून टाका. मजकूर दुरुस्त केला तरी चित्रातला आकडा बहुतेक वेळा तसाच राहून जातो.