नुसता फोटो आला तर काय विचारावं: ‘किंवा’, ‘की’ आणि ‘सांगू’

प्रश्न: आमच्या गटाच्या व्हॉट्सॲप नंबरवर लोक वीरगळ, शिलालेख, मोडी कागद यांचे नुसते फोटो पाठवतात, सोबत एक शब्दही नसतो. त्यांना आम्ही ठरावीक निरोप पाठवतो: ‘आपला फोटो मिळाला. आपणांस वर्णन, स्पष्टीकरण किंवा अभिप्राय हवा आहे का?’ बहुतेकांचं उत्तर ‘हो’ एवढंच येतं. शब्द कुठे चुकतोय? (कोल्हापूर)

उत्तर: ‘हो’ येतं ते ‘किंवा’ आणि वाक्याच्या शेवटचा ‘का’ या दोघांमुळे. ‘चहा किंवा कॉफी घेणार का?’ असं विचारलं तर ‘घेईन’ किंवा ‘नको’ हेच सरळ उत्तर आहे, कारण प्रश्न काहीतरी घेणार की नाही एवढाच आहे. ‘चहा घेणार की कॉफी?’ असं विचारलं की दोन्हींतलं एक नाव घ्यावंच लागतं. मराठीत निवड करायला लावणारा प्रश्न ‘की’ने होतो, ‘किंवा’ पर्याय नुसते शेजारी ठेवतो. तुमच्या वाक्यात तीन पर्याय आहेत, पण विचारलंय फक्त ‘हवा आहे का’. लोक विचारलेल्याचं बरोबर उत्तर देतात.

दुसरी अडचण ‘हवा’ची. वर्णन हवं, स्पष्टीकरण हवं, अभिप्राय हवा. शेवटच्या नामाप्रमाणे क्रियापद चालवलं हे व्याकरणाला धरूनच आहे, पण घाईत वाचणाऱ्याला ‘अभिप्राय हवा आहे का’ एवढंच ठळक दिसतं आणि आधीची दोन नामं हवेत राहतात.

म्हणून ‘हवा’ काढून ‘सांगू’ आणा. ‘मी येऊ?’, ‘पाणी देऊ?’, ‘वाचून सांगू?’ हे आज्ञार्थाचं प्रथमपुरुषी रूप समोरच्याची परवानगी मागतं आणि काम आपल्याकडे ठेवतं. त्यात लिंगाचा घोळ होत नाही, शिवाय कोण कोणाला सांगणार हेही नक्की होतं. या शेवटच्या गोष्टीवर तुमचा निरोप सगळ्यात जास्त अडखळतो, आणि त्याला कारण ‘अभिप्राय’ आहे.

‘अभिप्राय’ हा शब्द चांगलाच आहे, पण सामान्य माणसाला तो भेटतो कुठे? प्रदर्शनाच्या दाराशी ठेवलेल्या वहीत, हॉटेलच्या बिलासोबतच्या चिठ्ठीवर, बँकेच्या निरोपात. तिथे सगळीकडे अभिप्राय त्याने द्यायचा असतो. कचेरीत फाइलवर अभिप्राय लिहितात तो वरचा साहेब. त्यामुळे ‘अभिप्राय हवा आहे का?’ हे वाचून एखाद्याला वाटतं की गटालाच आपलं मत हवंय, आणि तो ‘छान काम करताय’ असं लिहून मोकळा होतो. शिवाय अभिप्राय कशावर? वीरगळ शेकडो वर्षांपूर्वी कोरलेला आहे, त्याच्या कारागिराला आता सूचना देऊन उपयोग नाही. सूचना देता येतील त्या फोटोबद्दल, किंवा गावकऱ्यांनी वीरगळाशेजारी लावायच्या माहितीफलकाच्या मजकुराचा फोटो पाठवला असेल तर त्या मजकुराबद्दल. तेवढं उघड लिहावं: ‘फोटो कसा आलाय ते सांगू?’ शिक्षणशास्त्रात ‘प्रत्याभरण’ हा घडवलेला शब्द चालतो, तो त्या वर्तुळातच राहू द्यावा.

‘स्पष्टीकरण’ला वेगळाच वास आहे. ‘खुलासा मागवला’, ‘स्पष्टीकरण सादर करा’ अशा वाक्यांत ते चूक झाल्यावर येतं. ज्याने हौसेने फोटो पाठवला त्याला ‘स्पष्टीकरण’ वाचून आपलं काही चुकलं की काय असं वाटू शकतं. ‘अर्थ’ हा साधा शब्द पुरतो. ‘वर्णन’ समजतं सगळ्यांना, पण ते शाळेतल्या निबंधाकडे झुकतं, लोकांना त्यातून चार सुंदर वाक्यांची अपेक्षा होते. तुम्हाला द्यायचंय ते ‘फोटोत काय काय दिसतंय’ एवढंच, तर तेच लिहा.

आणखी एक बारीक जागा: ‘आपला फोटो’. ‘आपला’ म्हणजे तुमचा, आमचा की दोघांचा, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. ‘तुमचा फोटो’ म्हटलं तर तो त्या माणसाचा स्वतःचा फोटो होतो. ‘तुम्ही पाठवलेला फोटो’ म्हणा, दोन्ही अडचणी जातात. ‘प्रतिमा’ मात्र टाळा. मूर्ती आणि शिळांच्या विषयात प्रतिमा म्हणजे कोरलेलं रूपच.

आता ‘की’कडे परत यायला हवं, कारण कोल्हापुरात त्याचं एक खास काम आहे. ‘या की’, ‘सांगा की’, ‘बसा की’ यांतला ‘की’ आग्रहाचा. ‘सांगू की’ म्हणजे ‘सांगतो ना, त्यात काय’. निरोपात ‘काय दिसतंय ते सांगू की अर्थ सांगू?’ असं लिहिलं आणि फोनच्या रुंदीमुळे ओळ नेमकी ‘की’पाशी तुटली, तर पहिली ओळ ‘काय दिसतंय ते सांगू की’ अशी दिसते. इथला वाचक ते आश्वासन समजून पुढचं न वाचता थांबू शकतो. दोनच पर्याय असतील तर ‘की’ चालेल. तीन असतील तर पर्याय ओळीओळीने, आकडे घालून द्यावेत. मग निवडीचं काम आकडाच करतो आणि ‘की’ची गरज राहत नाही.

सगळं धरून निरोप असा:

```
नमस्कार. तुम्ही पाठवलेला फोटो मिळाला.
यातलं काय सांगू?
१. फोटोत काय काय दिसतंय
२. त्याचा अर्थ काय
३. फोटो कसा आलाय, काय सुधारता येईल
नुसता आकडा पाठवा. वेगळं काही विचारायचं असेल तर ते लिहा.
```

शेवटची ओळ वगळू नका. माणसाला कदाचित ‘हा दगड रस्त्याच्या कामात हलवणार आहेत, कुणाला कळवू?’ एवढंच विचारायचं असतं, आणि ते तीनपैकी एकाही ओळीत बसत नाही. दगड कुठल्या गावातला हे मात्र इथे विचारू नये, मोह झाला तरी. एका निरोपात दोन प्रश्न असले की लोक शेवटच्याचं उत्तर देतात, आणि तुमच्या हाती आकड्याऐवजी गावाचं नाव येतं. गाव आकडा आल्यावर विचारा.

आकडा आला की उत्तरं खरंच वेगळी असायला हवीत, नाहीतर पर्याय दिल्याचा उपयोग नाही. समजा करवीर तालुक्यातल्या बीड गावी आहेत तसा तीन चौकटींचा वीरगळ फोटोत आहे.

‘१’ला उत्तर: ‘उभी शिळा, तीन चौकटी. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला माणूस, समोर दोघे हत्यारबंद, मागे गायी. मधल्या चौकटीत त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेणाऱ्या स्त्रिया. वरच्या चौकटीत शिवलिंग आणि त्यापुढे हात जोडून बसलेला माणूस. माथ्यावर सूर्य-चंद्र.’ यात ‘वीर’ किंवा ‘अप्सरा’ हे शब्द आलेले नाहीत, कारण ते डोळ्यांना दिसत नाहीत, ते आपण लावलेले अर्थ आहेत. नावं इथेच घुसली की पहिल्या आणि दुसऱ्या पर्यायातला फरक पुसला जातो.

‘२’ला उत्तर: ‘हा वीरगळ, म्हणजे लढताना मरण आलेल्या वीराचं स्मारक. चौकटी खालून वर वाचायच्या. गायी कोरल्या आहेत, त्यावरून गोधन राखताना तो पडला असावा. अप्सरा त्याला वर नेतात आणि सगळ्यात वर तो शिवाची पूजा करतो. सूर्य-चंद्र आहेत तोवर त्याची कीर्ती राहील, असं माथ्यावरच्या खुणा सांगतात.’ शिळेवर लेख नसेल तर त्याच निरोपात एक वाक्य जोडावं: ‘लेख नसल्याने वीराचं नाव आणि नेमका काळ फोटोवरून सांगता येत नाही.’ ते न लिहिल्यास पुढचा प्रश्न हाच येतो.

‘३’ला उत्तर: ‘उजेड समोरून पडल्याने कोरीव काम सपाट दिसतंय. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना काढा. शिळेचा पायथाही फोटोत घ्या आणि शेजारी मोजपट्टी ठेवा. आकृती उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा पीठ लावू नका, शेंदूर खरवडू नका.’

निरोप कुठे साठवायचा, यातही चूक होते. व्हॉट्सॲप बिझनेसमधला स्वागत निरोप पहिल्यांदा लिहिणाऱ्याला किंवा १४ दिवस काही बोलणं न झालेल्याला आपोआप जातो. समोरून फोटो आलाय की लेखी प्रश्न, हे तो पाहत नाही. तिथे हा मजकूर ठेवला तर ज्याने नीट विचारलंय त्यालाही ‘फोटो मिळाला’ जाईल. झटपट उत्तरांच्या सोयीत तो साठवा आणि `/फोटो` असं छोटं नाव द्या. लिहायच्या जागी `/` टाकलं की यादी समोर येते, त्यातून निवडायचा. पाठवण्याआधी दोन-तीन मिनिटं थांबा. पुष्कळ लोक आधी फोटो सोडतात, मग प्रश्न टाइप करतात किंवा बोलून पाठवतात. त्यांचा प्रश्न आणि तुमचा निरोप एकमेकांवर आदळला तर न वाचताच उत्तर दिल्यासारखं दिसतं. सहा फोटो एका पाठोपाठ आले तर निरोप एकदाच, ‘तुम्ही पाठवलेले फोटो मिळाले’ असा बदलून, आणि ‘कोणत्या फोटोबद्दल’ हे आकडा आल्यावर विचारायचं.

मोडी कागदासाठी मात्र हाच निरोप वापरू नका. तिथे ‘काय दिसतंय’ला फारसा अर्थ नाही. माणसाला हवं असतं ते वाचन, आणि वाचन व अर्थ ही दोन वेगळी कामं आहेत. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, त्यामुळे देवनागरीत उतरवलेला मजकूरही पहिल्या नजरेला कळत नाही. तारीख अनेकदा शुहूर सन या जुन्या कालगणनेत, अरबी संख्याशब्दांत असते. त्या सनात ५९९ किंवा ६०० मिळवल्यावर इसवी सन मिळतो, हे ‘अर्था’त येतं. म्हणून तिथल्या ओळी अशा:

```
१. कागद कसला आहे (पत्र, हिशेब, जमिनीचा कागद)
२. देवनागरीत उतरवलेला मजकूर
३. आजच्या मराठीत अर्थ
```

आणि खाली एक ओळ: ‘दोन आणि तीनला वेळ लागतो, कागद सरळ वरून, घडी उलगडून, पुन्हा एकदा काढून पाठवा.’ इथे फोटोबद्दलची सूचना पर्याय म्हणून न ठेवता सगळ्यांनाच द्यायला हवी, कारण घडीवर पडलेली सावली अक्षराचा एक फाटा गिळते आणि मोडीत तेवढ्याने अक्षर बदलतं.