भांडण एकच नव्हतं, तीन होती

प्रश्न : वडील जाऊन वर्ष झालं. आम्ही दोघी बहिणी आणि एक भाऊ. मी माझ्या हिश्श्याचा विषय काढला आणि घरात भांडण सुरू झालं. भाऊ म्हणतो, तुला माहेर हवंय की जमीन हवीय? मला दोन्ही हवंय. हिस्सा मागितला की माहेर तुटतंच का?

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला सातारा जिल्ह्यातलं एक कुटुंब आठवलं. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, त्यांच्याविषयी लिहिते.

आई, थोरला भाऊ, मधली बहीण आणि धाकटा भाऊ, असे चौघं समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसले होते. बहिणीला सगळे ताई म्हणत. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं गावातलं घर आणि तीन एकर शेत मागे राहिलं होतं. मृत्युपत्र नव्हतं. भावाबहिणीत आठ महिने अबोला होता. मी चौघांना कोरे कागद दिले आणि म्हटलं, "तुमच्यात जे चाललंय त्याला तुम्ही घरात कोणत्या शब्दाने बोलता, तो शब्द लिहा. आणि ते कुठल्या दिवशी सुरू झालं, तेही लिहा."

थोरल्याने लिहिलं, 'भाऊबंदकी'. ताईने 'वाद'. धाकट्याने 'रोजची कटकट'. आईला लिहिता येत नव्हतं. ती म्हणाली, "पोरं रुसल्यात, दुसरं काय."

चौघांनी सांगितलेले दिवसही वेगवेगळे होते. एकाच भांडणाला चार तारखा कशा असतील? तिथून पुढची तीन सत्रं आम्ही त्या शब्दांमागेच गेलो.

आधी थोरल्याचा शब्द. भाऊबंदकी म्हणजे भाऊबंदांचं, म्हणजे एका कुळातल्या पुरुषांचं वैर. बांध कोरणं, पाणी अडवणं, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या दारात न जाणं, हे सगळं त्या शब्दात येतं. मी त्यांना विचारलं, "या शब्दात ताई कुठे आहेत?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ताई कशाला असंल त्यात? ती सासरची." वारस नोंदीच्या अर्जातही त्यांनी हेच केलं होतं. अर्जात आई आणि दोन मुलगे होते. ताईचं नाव नव्हतं. ती हक्कसोड देणारच, मग नाव लावून पुन्हा कमी करायचा खटाटोप कशाला, असं त्यांना वाटलं. लबाडी करतोय असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, आजही ठेवते. पण चूक ती चूकच होती.

बरेच लोक समजतात की मुलीला हक्क 2005 साली मिळाला. ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र मिळकतीसाठी होती. हिंदू वडिलांनी स्वतः कमावलेल्या आणि मृत्युपत्र न केलेल्या मिळकतीत मुलगी 1956 च्या कायद्यापासूनच मुलाच्या बरोबरीने वारस आहे, आणि विधवा आईसुद्धा. म्हणजे या घरात चार सारखे वाटे. आईचाही एक चतुर्थांश आहे, हे त्या दिवसापर्यंत कुणी मोजलंच नव्हतं.

आता ताईची तारीख. फेरफाराची नऊ नंबरची नोटीस निघाली तेव्हा गावातल्या मैत्रिणीने तिला फोन केला. हरकतीला पंधरा दिवस असतात. तिने मुदतीत लेखी हरकत दिली, बाकी काही केलं नाही. पण कचेरीच्या भाषेत हरकत आलेल्या नोंदीला 'तक्रारी नोंद' म्हणतात. ती वादग्रस्त प्रकरणांच्या वहीत चढते आणि महसूल अधिकारी सुनावणी घेऊन निर्णय देतात. गावात मात्र बातमी पसरली, "ताईनं दादावर तक्रार केली." लोकांनी ती पोलिसातली तक्रार समजली. थोरले गावच्या तंटामुक्ती समितीवर होते. पारावर कुणीतरी म्हणालं, "आधी घरचा तंटा मिटवा." तो घाव त्यांना जमिनीपेक्षा खोल लागला होता. कचेरीतला एक शब्द पारावर येईपर्यंत हरकतीचा तंटा झाला, आणि सख्खी भावंडं एकमेकांना दिसेनाशी झाली.

मग वर्षश्राद्धाची संध्याकाळ. शब्दाने शब्द वाढला, खडाजंगी झाली आणि धाकटा ताईच्या नवऱ्याला, दाजींना, एकेरीवर बोलला. ताई त्याच पावली निघाली. ती म्हणाली, "जमिनीचं मी सोडलंही असतं. पण त्यांना माझ्यामुळं अरेतुरे ऐकावं लागलं."

सगळ्यात जुनी गोष्ट कुणाच्याच कागदावर नव्हती. वडील सहा वर्षं अर्धांगवायूने अंथरुणावर होते. त्यांचं सगळं थोरल्या वहिनींनी केलं. त्या सत्राला आल्याच नव्हत्या, कुणी बोलावलं नव्हतं. मीही पहिल्या दिवशी विचारलं नाही, याची मला खंत आहे. त्या आल्या आणि म्हणाल्या, "माझं भांडण नाही कुणाशी." घरात त्यांच्या वागण्याला 'कुरबुर' म्हणत. भांडी आदळणं, पाहुणे आले की न बोलणं. थोरल्यांचा "मला जास्त वाटा हवा" हा हट्ट त्या कुरबुरीतून आला होता. सेवेचा मोबदला म्हणून कायदा वाटा वाढवून देत नाही. आणि मिळालेली गुंठाभर जास्त जमीनही वहिनींना हवं होतं ते देणार नव्हती.

म्हणून आम्ही तिन्ही वेगळं केलं. वाद कागदाने मिटतो, तो कागदाने मिटवला. थोरल्यांनी स्वतः ताईचं नाव घालून दुरुस्त अर्ज दिला आणि सातबाऱ्यावर चार नावं लागली. खडाजंगीला कागद चालत नाही. धाकटा ताईच्या घरी गेला आणि दाजींची माफी मागून आला. कुरबुरीसाठी चौघांनी बसून आजारपणाच्या पावत्यांची बेरीज केली आणि तो खर्च सामाईक उत्पन्नातून थोरल्यांना द्यायचं ठरलं. ताईने वहिनींना सगळ्यांसमोर सांगितलं, "बाबांचं माझ्यानं झालं नसतं इतकं तुम्ही केलंत." वहिनी त्यावर काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी त्या स्वतःहून आल्या.

सगळं गोड झालं नाही. दाजी अजून त्या घरी जेवत नाहीत.

तुमच्या भावाने विचारलेला प्रश्न 'वादा'चा नाही. वाद असता तर त्याने कागद दाखवले असते, वाटा मोजला असता. त्याच्या मनात काय सलतंय आणि ते कुठल्या दिवसापासून, हे त्याला विचारा. शक्यतो वहिनींच्या समोर, आणि कागदपत्रं बाजूला ठेवून. पण त्याच्या उत्तरासाठी हरकतीची मुदत घालवू नका. वाटणी बोलून ठरायला कितीही महिने लागू देत. हक्कसोडपत्रावर मात्र सुतकात, रडारडीत किंवा "माहेर हवं असेल तर" या अटीवर सही करू नका. एकदा नोंदणी झाली की ते मागे घेणं फार अवघड असतं. तुमची बहीण तुमच्या बाजूने बोलत नसेल, तर तिलाही हाच प्रश्न विचारा. तिची तारीख तिसरीच निघेल. आणि घरात धमकी, हात उगारणं किंवा परस्पर विक्रीची बोलणी सुरू असतील, तर माझ्याकडे येण्याआधी वकिलाकडे जा. ते समुपदेशनाचं काम नव्हे.

त्या कुटुंबाचं शेत आता थोरले करतात. ताईचा वाटा ते अर्धेलीने पिकवतात. गेल्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला. म्हणाले, "बाई, काल ताईशी वाद झाला. ती म्हणत होती सोयाबीन नको, भुईमूग लावा." मी विचारलं, मग? "मग काय, भुईमूग लावला."